लॅट-लाँग उलटे पडले, तरी व्हॅलिडेशन पास का म्हणतं?

प्रश्न: लातूर, नांदेड, जालना भागातल्या 230 कृषी सेवा केंद्रांची यादी आहे, गाडीचा रूट लावायचाय. लॅट -90 ते 90 आणि लाँग -180 ते 180 असा चेक लावला. तीन ओळींना एरर आला (उदा. लातूरच्या एका दुकानाला 1824.04 आणि 7634.02 होतं), मी पॉइंट सरकवून 18.2404 आणि 76.3402 केलं. आता चेक सगळं पास म्हणतो, तरी नकाशावर बरीच दुकानं नॉर्वेच्या वर समुद्रात दिसतात. चूक कुठे आहे? सगळे कॉलम उलटे करून टाकू का?

उत्तर:

सगळे कॉलम आत्ता उलटे करू नका. तसंच त्या तीन ओळी दुरुस्त झाल्या असंही धरून चालू नका. समुद्रात पडलेलं दुकान निदान डोळ्यांना दिसतं. तुम्ही हाताने बदललेल्या ओळी आता बरोबर असल्यासारख्या दिसतील, आणि माझ्या हिशेबाने त्यातलं लातूरचं दुकान मूळ जागेपासून सुमारे 30 किलोमीटर लांब जाऊन बसलंय. त्याकडे येतोच, पण आधी समुद्रातली दुकानं.

तुमचा चेक यादीला एकच गोष्ट विचारतो: असा बिंदू पृथ्वीवर असू शकतो का? तुम्हाला हवं असलेलं उत्तर वेगळं आहे: हा बिंदू त्या दुकानाचा असू शकतो का? या दोन प्रश्नांमधलं अंतर मराठवाड्यात फार मोठं आहे, आणि त्याचं कारण आपल्या भागाच्या आकड्यांमध्येच आहे.

मराठवाडा साधारण 17.6 ते 20.7 अक्षांश आणि 74.6 ते 78.3 रेखांश यांच्यामध्ये येतो. पश्चिमेला वैजापूर, पूर्वेला किनवट, दक्षिणेला उमरगा, उत्तरेला सोयगाव अशी टोकं डोळ्यासमोर आणा. आता लातूरचे आकडे घ्या: 18.40 आणि 76.57. अदलाबदल झाली की अक्षांश होतो 76.57. तो 90 पेक्षा कमी आहे, म्हणून तुमचा चेक त्याला हात लावत नाही. 18.40 हा रेखांश म्हणून तर बिनधास्त चालतो. बिंदू जाऊन पडतो नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार बेटांच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रात. नांदेडचं दुकान त्याच्या थोडं वर, त्या बेटांच्या मधल्या पाण्यात जातं. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच.

म्हणजे -90 ते 90 हा चेक अदलाबदल पकडतो तो फक्त रेखांश 90 च्या पुढे असेल तेव्हा. गुवाहाटीचा रेखांश 91.7 च्या आसपास आहे, तिथली ओळ उलटी झाली तर हाच चेक लगेच ओरडेल. सॅन फ्रान्सिस्कोचा उणे 122 आहे, तिथलीही पकडली जाईल. हा चेक शिकवताना बऱ्याचदा तिकडचीच उदाहरणं घेतलेली असतात, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की अदलाबदलीचा बंदोबस्त झाला. लातूर, नांदेड, जालना, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, संभाजीनगर यातल्या एकाही ठिकाणी तो लागू पडत नाही. चेक चुकीचा नाही. तो वेगळ्या कामाचा आहे: आकड्याच्या जागी फोन नंबर आला, पॉइंट गळून गेला, अशा गोष्टी तो पकडतो. तो ठेवाच, फक्त त्याच्यावर विसंबू नका.

आता चांगली बातमी. मराठवाड्याचे अक्षांश आणि रेखांश एकमेकांच्या वाटेलाही जात नाहीत. एक पट्टा 17 ते 20 चा, दुसरा 74 ते 78 चा. संपूर्ण भारत घेतला तरी अक्षांश सुमारे 6 ते 38 आणि रेखांश 68 ते 98, मध्ये भरपूर मोकळी जागा. त्यामुळे एखादी ओळ उलटी आहे की नाही, हे आपल्याकडे अंदाजाने नाही, खात्रीने सांगता येतं. ज्या देशांत दोन्ही आकडे दहाच्या आसपास असतात, तिथे ही सोय नाही. तुमची यादी पुढे हैदराबादपर्यंत गेली तर चौकट मोठी करा, पण तर्क तोच राहील.

मी चौकट थोडी सैल ठेवतो, सीमेवरची गावं उगाच अडकू नयेत म्हणून:

```python
def tapasa(lat, lng):
    if not (-90 <= lat <= 90 and -180 <= lng <= 180):
        return "range"
    if 17.4 <= lat <= 20.9 and 74.4 <= lng <= 78.5:
        return "ok"
    if 17.4 <= lng <= 20.9 and 74.4 <= lat <= 78.5:
        return "swapped"
    return "outside"
```

याचं उत्तर मूळ आकड्यांवर लिहू नका, वेगळ्या कॉलममध्ये घ्या. मग `swapped` आलेल्या ओळी गाळून बघा आणि त्या कोणाकडून आल्या ते शोधा. माझ्या अनुभवात उलट्या ओळी यादीभर विखुरलेल्या क्वचितच असतात. त्या एका माणसाच्या, एका तालुक्याच्या किंवा एका फाइलच्या असतात. एकाने मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून आकडे उतरवलेले असतात, तिथे आधी अक्षांश येतो. दुसऱ्याने जिओजेसन किंवा केएमएल फाइलमधून घेतलेले असतात, तिथे आधी रेखांश येतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मग कोणीतरी दोन्ही एकाच शीटमध्ये एकाखाली एक चिकटवतो आणि वरचं शीर्षक पहिल्याच्या क्रमाचं राहतं. तुमचा डेटा पोस्टजीआयएसमध्ये जात असेल तर तिथेही लक्ष ठेवा: `ST_MakePoint` ला पहिला आकडा रेखांशाचा लागतो.

हा शोध महत्त्वाचा, कारण चूक शीटमध्ये आहे की आयात करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, यावर दुरुस्ती कुठे करायची ते ठरतं. सगळ्याच्या सगळ्या 230 ओळी समुद्रात असत्या तर मी प्रोग्रॅमवर संशय घेतला असता. तुमची बरीच दुकानं जागेवर आहेत, म्हणजे चूक बहुतेक शीटमध्ये, ओळीगणिक आहे. म्हणूनच सगळे कॉलम उलटे केले तर आज बरोबर असलेली दुकानं उद्या समुद्रात जातील.

मी स्वतः यात एकदा मार खाल्लाय. बीड भागातल्या औषध दुकानांची यादी होती. उलट्या ओळी मी शीटमध्ये सरळ केल्या, आणि त्याच संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याने आयात करताना अदलाबदल करणारी ओळ प्रोग्रॅममध्ये टाकली. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून उभी आणि रूट लागेना. दीड तास माल उन्हात राहिला. तेव्हापासून माझा नियम असा: दुरुस्ती नेहमी अटीवर. आकडे उलट्या चौकटीत बसत असतील तरच फिरवा, नाहीतर हात लावू नका. असा नियम तीनदा चालवला तरी बिघडत नाही, कारण सरळ झालेली ओळ पुन्हा अटीत बसतच नाही. नुसतं फिरवणारा प्रोग्रॅम मात्र दुसऱ्यांदा चालला की सगळं पूर्ववत बिघडवून ठेवतो.

आता त्या तीन ओळी. 1824.04 पाहून तुम्हाला वाटलं की पॉइंट दोन घरं पुढे सरकलाय. स्वाभाविक आहे. पण हा आकडा असा कुठून आला असेल ते बघू. गाडीला लावलेले ट्रॅकर आणि जुनी जीपीएस यंत्रं कच्चा डेटा देतात त्यात अंश आणि मिनिटं एकत्र चिकटवलेली असतात. अक्षांशात पहिले दोन अंक अंशाचे, पुढचं सगळं मिनिटांचं. रेखांशात पहिले तीन अंक अंशाचे. म्हणून रेखांश मुळात 07634.02 असा येतो आणि एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं. राहतं 7634.02, जे तुमच्या शीटमध्ये आहे.

मग 1824.04 म्हणजे 18 अंश 24.04 मिनिटं. एका अंशात 60 मिनिटं असतात, 100 नाही. म्हणून 24.04 ला 60 ने भागायचं: 0.4007. खरा अक्षांश 18.4007. तसंच 34.02 ला 60 ने भागलं की 0.5670, म्हणून खरा रेखांश 76.5670. हे लातूर शहरच आहे. तुम्ही केलेले 18.2404 आणि 76.3402 मात्र दक्षिणेला सुमारे 18 किलोमीटर आणि पश्चिमेला सुमारे 24 किलोमीटर सरकलेत. नकाशावर टाकून बघा, बिंदू औशाच्या पश्चिमेला पडेल. तो मराठवाड्याच्या चौकटीत आहे, वरचा प्रोग्रॅमही त्याला `ok` म्हणेल. गाडीवाला लातूरच्या दुकानाचं खत घेऊन औशाच्या पुढे कुठल्यातरी शिवारात जाऊन उभा राहील आणि फोन करेल, तेव्हा कळेल.

खरोखर पॉइंट गळालेला आकडा आणि असा चिकटलेला आकडा यात फरक ओळखता येतो. पॉइंट गळाला असेल तर तो आकड्यात कुठेच नसतो: 184007, किंवा 1840067. चिकटलेल्या आकड्यात पॉइंट असतो, आणि त्याच्या लगेच डावीकडचे दोन अंक कधीच 59 च्या पुढे जात नाहीत, कारण ती मिनिटं आहेत. तुमच्या तिन्ही ओळींत हे दोन्ही दिसत असेल तर त्या एकाच यंत्रातून आल्यात. एखाद्या ओळीत पॉइंटच्या डावीकडे 1884 असं काही आलं, तर ती मिनिटं असूच शकत नाहीत, तिथे वेगळं कारण शोधावं लागेल. म्हणून एरर आलेला आकडा दुरुस्त करायच्या आधी तो आला कुठून हे विचारायचं. जुना आकडा पुसला असेल तर मूळ फाइल शोधून काढा, कारण 18.2404 वरून मागे जाण्यासाठी तो कसा तयार झाला हे माहीत असावं लागतं. तुम्हाला आज माहीत आहे, सहा महिन्यांनी नसेल.

याचंच दुसरं रूप जास्त शांतपणे येतं. कोणी कागदावरून किंवा जुन्या पुस्तकातून 'जालना 19 अंश 50 मिनिटं, 75 अंश 53 मिनिटं' असं वाचतो आणि शीटमध्ये 19.50, 75.53 लिहितो. खरे दशांश 19.83 आणि 75.88 च्या आसपास यायला हवेत. लिहिलेला बिंदू जालन्यापासून सुमारे 52 किलोमीटर नैऋत्येला जातो. इथे ना पहिला चेक बोलतो, ना चौकट. एका माणसाच्या सगळ्या ओळींत पॉइंटनंतरचे दोन अंक सतत 60 च्या खालीच असतील तर मी संशय घेतो. पण ही खूण फक्त दुकानं लांबवर पसरलेली असतील तेव्हाच उपयोगी. सगळी लातूर शहरात असतील तर 18.40 आणि 76.57 मध्ये 60 च्या वरचा अंक मुळात येणारच नाही, आणि त्यावरून काही सिद्ध होणार नाही.

म्हणून तिसरी तपासणी लागते, आणि खरं काम तीच करते: पत्त्यात लिहिलेलं गाव आणि आकड्यांनी दाखवलेली जागा जुळतात का? तुमच्या यादीत तालुका आणि गाव असणारच. एक वेगळं छोटं शीट करा: तालुक्याचं नाव, त्या शहराच्या मध्याचा अक्षांश, रेखांश. तुमच्या भागात तीसेक ओळी होतील. त्या एकदाच, स्वतः नकाशावर बघून भरा, दुसऱ्याच्या यादीतून उचलू नका. मग प्रत्येक दुकानाचं त्या मध्यापासूनचं अंतर काढा. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटर भरतो, त्यामुळे मोठं सूत्र लागत नाही. दुकानाचे आकडे `B`, `C` मध्ये आणि शहराच्या मध्याचे `F`, `G` मध्ये असतील तर:

```
=SQRT(((B2-F2)*111)^2+((C2-G2)*105)^2)
```

उत्तर किलोमीटरमध्ये येतं, सरळ रेषेतलं, रस्त्याचं नाही. तुमच्या लातूरच्या ओळीला हे सूत्र लावलं की 18.2404, 76.3402 साठी 30 च्या जवळ आकडा येईल आणि चूक उघडी पडेल.

मर्यादा किती ठेवायची हे परिस्थितीवर आहे, इथे मी एकच आकडा सांगू शकत नाही. दुकान शहराच्या बाजारपेठेत असेल तर 6 ते 8 किलोमीटरच्या पुढे गेलं की मी ओळ बाजूला काढतो. तालुक्यातल्या खेड्यातलं असेल तर 35 पर्यंत जाऊ देतो, कारण आपले तालुके पसरट आहेत. म्हणजे शहर आणि खेडी यांना वेगळी मर्यादा हवी. सगळ्यांना 35 लावली असती तर तुमची 30 किलोमीटरची चूक पास झाली असती. आणि मर्यादेबाहेर गेली म्हणजे ओळ चुकलीच असंही नाही. सीमेवरचं गाव असतं, पत्त्यात पोस्ट एका तालुक्याचं आणि गाव दुसऱ्या तालुक्याचं असतं. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव अशी नावं तर जवळपास प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. म्हणून ही तपासणी ओळ नाकारत नाही, फक्त 'बघा' म्हणून समोर ठेवते.

उलट्या ओळी सरळ केल्यावर त्यांनाही ही अंतराची तपासणी लावाच. अदलाबदल झालेली ओळ भरताना माणूस घाईत असतो, तिच्यात दुसरी चूक असण्याची शक्यता इतर ओळींपेक्षा जास्त असते. मी फिरवलेल्या ओळींमध्ये एखाद-दुसरी तरी दुसऱ्याच गावात निघालेली पाहिलीय.

पुढच्या वेळी यादी भरणाऱ्या पोरांसाठी एकच वाक्य पुरतं, आणि ते मी शीटच्या अगदी वर, कॉलमच्या नावातच लिहितो: अक्षांश 17 ते 20 ने सुरू होतो, रेखांश 74 ते 78 ने सुरू होतो. लॅट कुठला आणि लाँग कुठला हे लोक विसरतात, आपल्या भागाचे अंक विसरत नाहीत. एक्सेलमध्ये `Data Validation` लावून 17.4 ते 20.9 आणि 74.4 ते 78.5 एवढेच दशांश आकडे घ्यायला सांगता येतं. फक्त लक्षात ठेवा, ते टाइप केलेल्या आकड्याला अडवतं, दुसरीकडून चिकटवलेल्याला नाही. आणि यादी नेमकी चिकटवूनच भरली जाते. चिकटवताना लावलेला नियमही पुसला जाऊ शकतो. म्हणून फाइल हातात आल्यावर तोच नियम कॉलमला पुन्हा लावा आणि त्याच मेन्यूतलं `Circle Invalid Data` एकदा दाबा, ते चौकटीबाहेरच्या आकड्यांभोवती लाल गोल काढून देतं.

सीएसव्ही करताना एक बघा. कॉलम दोनच दशांश दाखवत असेल तर एक्सेल सीएसव्हीमध्ये तेवढेच लिहितं, बाकीचे जातात. दोन दशांश म्हणजे एक किलोमीटरच्या आसपासचा ढोबळपणा, चार म्हणजे साधारण अकरा मीटर. दुकानाच्या दारापर्यंत गाडी न्यायची तर चारच्या खाली येऊ नका.

तिन्ही तपासण्या लावूनही काही ओळी उरतील, ज्यांचं काय करायचं ते आकड्यांवरून कळणार नाही. त्यांच्यासाठी दुकानदाराला फोन करा आणि काउंटरपाशी उभं राहून मोबाइलवरून आत्ताचं लोकेशन पाठवायला सांगा. घरून नको, गोडाऊनवरून नको. त्या आकड्याचा क्रम चौकटीवर पडताळून शीटमध्ये घ्या, जुना आकडा शेजारच्या कॉलममध्ये तसाच ठेवा आणि कोणत्या तारखेला का बदलला ते दोन शब्दांत लिहा. त्या तीन ओळींचे मूळ आकडे तुमच्याकडे अजून आहेत, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा आणि लातूरची ओळ 18.4007, 76.5670 करून नकाशावर दुकान दिसतं का ते बघा.